वाकडेंचे वाकडे

रुख्माबाई वाकडे हिंगणीच्या शाळेतल्या पोरींचे गणवेश शिवायच्या. नवरा किसनराव जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती पोरगी काजल लग्न होऊन मस्कतला गेली होती. जावई तिथल्या एका हॉटेलात वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायचा. दोन हजार नऊच्या मे महिन्यात काजलचा फोन आला, की नोव्हेंबरात बाळंतपण आहे, आई, जमलं तं ये.

रुख्माबाईंनी तोवर नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. पण त्यांनी 'पाहू' म्हटलं नाही, 'येतो' म्हटलं. दुसऱ्या दिवशी जावयाच्या ओळखीच्या नागपूरच्या एजंटाला फोन लावून पासपोर्टला काय काय लागतं ते विचारलं. एजंट म्हणाला, निवडणुकीचं ओळखपत्र लागेल आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, शिक्क्यासकट.

स्टेटमेंट सेलूच्या बँकेतून मिळालं. घरासमोरचे रूपराव दुधाच्या कामानं रोज सेलूला जायचे, त्यांच्याच मोटारसायकलवरून रुख्माबाई गेल्या होत्या. रूपरावांनी नुकताच कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला होता आणि ते दिसेल त्याचा फोटो काढत: म्हशीचा, बोर धरणाचा, स्वतःच्या पायाचा. त्यांनी स्टेटमेंट मोटारसायकलच्या सीटवर ठेवून त्याचाही फोटो काढला. मग ते स्टेटमेंट बाकीच्या कागदांबरोबर नागपूरला गेलं.

आठ दिवसांनी एजंटाचा फोन आला.

"मावशी, तुमच्या कागदात गडबड हाये. ओळखपत्रावर आडनावाची स्पेलिंग वेगळी, बँकेच्या कागदावर वेगळी. असं चालत नाई. बँकेतून दुरुस्त करून आना, मंग नवीन स्टेटमेंट पाठवा."

"काय वेगळं हाये?"

"ते इंग्रजीत हाये, मावशी. कोन्या शिकलेल्या मानसाले दाखवा. बँकेत अर्ज द्या, होऊन जाते."

हिंगणीत शिकलेला माणूस म्हणजे नानाजी. निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीत असताना त्यांनी जिल्हा परिषदेला एकशे बारा पत्रं लिहिली होती आणि प्रत्येकाची स्थळप्रत त्यांच्याकडे होती. शाळेच्या छपराला पत्रे मिळाले नव्हते, शिक्षक मिळाला नव्हता, पण पत्रव्यवहारात कुठे खोट काढायला जागा नव्हती. गावातल्या कोणाचंही काम अडलं की तो नानाजींकडे जायचा, आणि बहुतेक वेळा काम तसंच राहून पत्र मात्र उत्तम व्हायचं.

रुख्माबाई ओळखपत्र घेऊन गेल्या. रूपराव मोबाइल घेऊन आले. नानाजींनी चष्मा पुसला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला.

"आडनाव कुठं हाये यात?"

"वर, नानाजी. ते पाहा, माह्या बोटाच्या बाजूले." फोटोत कागद धरलेलं रूपरावांचं बोटही आलं होतं आणि ते आडनावापेक्षा स्पष्ट होतं.

नानाजींनी अक्षर अक्षर जोडून वाचलं. "वा... क... डे. वाकडे." मग त्यांनी ओळखपत्र उचललं. "वा-क-डे. वाकडे. दोनीकडं वाकडेच तर हाये. काय चूक हाये म्हन्ते तो एजंट?"

"स्पेलिंग म्हन्ला."

"असंल. इंग्रजी भाषाच तशी हाये, उच्चाराले धरून चालत नाई." त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. "तुमी चिंता करू नका. मी असं पत्र देतो, का मॅनेजर खुर्चीतून उठून उभा राहीन."

"म्या म्हन्लं, नवीन स्टेटमेंट काढून नीट पाह्यचं का आधी?"

"फोटो हाये नं आपल्यापाशी. पुरावा म्हून तोच पुरे."

रूपराव अभिमानानं मोबाइलकडे पाहत होते.

नानाजींनी कोऱ्या कागदाला समास आखला. वर डाव्या बाजूला 'प्रति, मा. शाखाधिकारी', त्याखाली 'विषय', त्याखाली 'संदर्भ'. संदर्भात त्यांनी 'श्री. रूपराव यांच्या भ्रमणध्वनीवरील छायाचित्र' असं लिहिलं. रुख्माबाईंनी सुचवलं, इंग्रजीतलं नाव इंग्रजीतच लिहिलं तर? नानाजींनी पेन थांबवला. मराठी पत्रात रोमन लिपीचं एकही अक्षर त्यांनी आजवर येऊ दिलं नव्हतं आणि याही वयात येऊ देणार नव्हते.

पत्र असं झालं:

'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार आपल्या शाखेची जुनी खातेदार असून तिचे आडनाव वाकडे असे आहे. तथापि आपल्या संगणकीय विवरणपत्रात सदर आडनाव अनवधानाने वाकडे असे नोंदविण्यात आलेले आहे. त्यामुळे अर्जदारास मनस्ताप होत आहे. तरी सदर वाकडे हे आडनाव तात्काळ दुरुस्त करून ते वाकडे असे करण्यात यावे, ही नम्र विनंती.'

नानाजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना पहिल्या वाकडेवर साधा, दुसऱ्यावर थोडा कडवट आणि शेवटच्यावर समाधानी सूर लावला, त्यामुळे ऐकताना सगळं बरोबर वाटलं. रुख्माबाईंनी सही केली. रूपराव म्हणाले, "एकदम कडक झालं."

सेलूच्या बँकेत गजेंद्र नावाचा बाबू होता. वर्ध्याहून येऊन-जाऊन करायचा. पत्र पाहून तो एकदा हसला, मग पुन्हा वाचलं आणि हसणं थांबवलं, कारण त्याला ते साहेबांपुढे न्यायचं होतं. साहेब नवे होते, ओडिशातून बदलून आलेले, मराठी वाचता येत नव्हती. काचेच्या खोलीचं दार उघडं होतं. रुख्माबाईंना बाहेरून सगळं ऐकू येत होतं.

"सर, एक अर्जी है. नाम सुधारने की."

"क्या लिखा है?"

"इनका नाम वाकडे है. बँक ने गलती से वाकडे लिख दिया है. उसको ठीक करके वाकडे करना है."

साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला.

"फिर से बोलो."

गजेंद्रनं पुन्हा सांगितलं.

"नाम क्या है इनका?"

"वाकडे, सर."

"और हमारे यहां क्या है?"

"वाकडे."

"तो?"

"तो वही, सर."

साहेबांनी पत्राच्या कोपऱ्यात इंग्रजीत शेरा मारला आणि गजेंद्रनं बाहेर येऊन त्याचं मराठी केलं: नाव बरोबर आहे, कार्यवाहीची आवश्यकता नाही.

"बाबू, पन पासपोर्टवाला म्हन्ते चूक हाये," रुख्माबाई म्हणाल्या.

"असंल मावशी. पन अर्जात तसं काई दिसून नाई राह्यलं. काय चूक हाये ते लिहून आना."

त्यानं तेव्हाच संगणकात पाहिलं असतं आणि ओळखपत्र मागितलं असतं, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण अर्जावर शेरा झाला होता. शेरा झालेल्या अर्जाकडे पुन्हा पाहायची त्या बँकेत पद्धत नव्हती, आणि मागे पेन्शनवाल्यांची रांग होती.

नानाजींनी शेरा वाचला तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मराठी भाषेचा अपमान झाला असं त्यांचं मत पडलं. रुख्माबाईंनी म्हटलं, "नानाजी, तिन्ही ठिकानी वाकडेच लिवलं तुमी." त्यावर नानाजी म्हणाले की अर्थ समजून घ्यायची वृत्ती पाहिजे. तरी दुसऱ्या पत्रात त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. इंग्रजी अक्षरं द्यायची, पण देवनागरीत.

पुन्हा रूपरावांचा मोबाइल आला. आता अक्षरं मोजून मापून वाचायची होती. पडदा आगपेटीएवढा. दुपारच्या उन्हात काढलेला फोटो, त्यात मोटारसायकलच्या सीटची शिवण कागदाखालून वर आलेली. नानाजींनी भिंग लावलं. भिंगाखाली अक्षरांऐवजी ठिपके दिसायला लागले.

"व्ही," नानाजी म्हणाले. "मंग ए. मंग के. मंग... ओ."

"ओ हाये का डी हाये?" रूपरावांनी विचारलं.

"गोल हाये नं? गोल म्हंजे ओ. मी चाळीस वर्षं शिकवलं."

"शिकवलं तं तुमी भूगोल, नानाजी."

"मंग ई. लिहून घ्या."

दुसरं पत्र दोन पानी झालं. त्यात आता जिल्हाधिकाऱ्यांना, अग्रणी बँकेला आणि 'माहितीस्तव' तहसीलदारांना प्रती होत्या. मूळ मुद्दा असा होता, की बँकेने अर्जदाराचे आडनाव 'व्ही-ए-के-ओ-ई' असे चुकीचे नोंदवले असून ही बाब गंभीर आहे. काय नोंदवायला हवं ते लिहायचं मात्र राहून गेलं, कारण त्या ओळीपर्यंत येता येता नानाजी राज्यघटनेत शिरले होते.

हे पत्र गजेंद्रनं नीट वाचलं. प्रती कोणाकोणाला आहेत हे कळल्यावर साहेबांनीही नीट ऐकलं. मग गजेंद्रनं संगणकात ती पाच अक्षरं भरली आणि शोधाचं बटण दाबलं. या नावानं काही मिळालं नाही. चार दिवसांनी पोस्टानं उत्तर आलं. छापील कागद, जावक क्रमांक, शिक्का, सगळं जागच्या जागी. त्यात लिहिलं होतं, की आपण नमूद केलेल्या नावाचे कोणतेही खाते या शाखेत नाही, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

पहिल्या पत्रानं रुख्माबाईंचं नाव बरोबर ठरलं होतं. दुसऱ्या पत्रानं त्यांचं खातंच उरलं नाही.

नानाजी ते उत्तर पाहून अस्वस्थ झाले नाहीत, उलट खूश झाले. बँकेनं लेखी दिलं होतं. लेखी उत्तर आलं की पुढचं पत्र लिहिता येतं. ते म्हणाले, "आता हे प्रकरन मी वरपर्यंत नेतो. सहा महिने लागतीन, पन सोडत नाई."

"सहा महिन्यात तं लेकरू हासाले लागन, नानाजी," रुख्माबाई म्हणाल्या आणि ओळखपत्र, पत्राची प्रत, उत्तर, सगळं उचलून घरी आल्या.

त्या रात्री भाकरी टाकताना त्यांना काजलचा आवाज आठवत होता. फोनवर ती एकदाही 'आलीच पाहिजे' असं म्हणाली नव्हती. 'जमलं तं ये' म्हणाली होती. तेच जास्त लागत होतं. नानाजींना इंग्रजी नीट वाचता येत नाही म्हणून पोरीचं बाळंतपण परक्या बायांच्या हातानं व्हावं, हे त्यांना पटत नव्हतं. आणि त्यांना रागही येत होता, तो मुख्यतः स्वतःचा. शाळेच्या पन्नास पोरींची मापं त्या एकदा घेतात आणि चुकत नाहीत. पण या कामात त्यांनी स्वतः एकदाही नजर घातली नव्हती. 'आपल्याले इंग्रजी येत नाई' म्हणून सगळं दुसऱ्याच्या चष्म्यावर सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रूपरावांकडे गेल्या.

"रूपरावभाऊ, तुमच्या मोबाइलातला फोटो कागदावर येते का?"

"येते नं. सेलूले स्टुडिओत वायर लावून काढते तो."

"मोठा काढून आना. जेवढा मोठा होते तेवढा. पैसे म्या देतो."

संध्याकाळी रूपराव वहीच्या पानाएवढा फोटो घेऊन आले. त्यांचं बोट आता काकडीएवढं झालं होतं. पण बोटाशेजारची अक्षरंही वाटाण्याएवढी झाली होती. रुख्माबाईंनी फोटो शिवणमशीनच्या फळीवर ठेवला, शेजारी ओळखपत्र ठेवलं आणि दिवा खाली ओढला.

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वाचलं नाही. त्यांनी जुळवलं. ओळखपत्रावरचा एक आकार, फोटोवरचा एक आकार, असं बोट ठेवत गेल्या. रुख्माबाई हे नाव शेवटपर्यंत जुळलं. किसनरावही जुळलं. आडनावावर बोट थांबलं.

"रूपरावभाऊ, इकडं या. हे पाहा. कार्डावर पहिलं अक्षर दोन खाचांचं हाये. फोटोत एकच खाच."

रूपराव वाकले. "हो नं."

"आता मोजा. कार्डावर अक्षरं किती?"

"एक, दोन... सहा."

"फोटोत?"

"पाच."

"मंग एक कुठं गेलं?" त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "हे तंबूवानी उभं अक्षर कार्डावर दोनदा हाये. इकडं एकदाच. बस, एवढीच चूक हाये. पहिलं बदललं अन् मधातलं एक खाल्लं."

रूपरावांना थोडी इंग्रजी येत होती. त्यांनी आता कुठे नीट वाचलं आणि कपाळावर हात मारला. बँकेनं आडनाव 'व्ही'नं सुरू केलं होतं, कार्डावर 'डब्ल्यू' होतं. मधला एक 'ए' नव्हता. आणि नानाजींचा 'ओ' खरंच 'डी' होता. मराठीत दोन्हीचं वाकडेच होत होतं, म्हणून तर नानाजींना फरक दिसला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बँकेची जाडजूड हस्तलिखित खातेवही संगणकात गेली तेव्हा हे झालं असणार. नावं मराठीत होती, ती कोणीतरी घाईनं इंग्रजीत बडवली होती. ज्याला जसं वाटलं तसं.

रुख्माबाईंनी पत्र स्वतः लिहायला घेतलं. वरचं 'प्रति' आणि 'विषय' नानाजींच्या प्रतीवरून उतरवलं. खातं क्रमांक फोटोवरून आकडा आकडा पाहून लिहिला, तो नानाजींच्या दोन्ही पत्रांत नव्हता. मग लिहिलं, 'माझे आडनाव तुमच्या कागदावर असे आहे' आणि पुढे कात्रीनं फोटोतली आडनावाची पट्टी कापून चिकटवली. खाली लिहिलं, 'ते असे दुरूस्त करावे' आणि पुढे ओळखपत्राच्या झेरॉक्समधली पट्टी चिकटवली. त्याखाली सही. संबंध पत्र सात ओळींचं झालं.

सोमवारी त्या एकट्याच एसटीनं सेलूला गेल्या. रूपराव सोबत येतो म्हणाले होते, त्यांनी नको म्हटलं.

गजेंद्रनं पत्र हातात घेतलं. या वेळी तो हसला नाही. पत्र त्याला वाचावंच लागलं नाही, नुसतं दिसलं. खातं क्रमांक घालून त्यानं संगणकात पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, चिकटवलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"मावशी, हे कोनं केलं?"

"म्याच केलं. काऊन, असं चालत नाई?"

"चालते. ओळखपत्र आनलं का असली?"

"हे पाहा. झेरॉक्स बी आनली."

"त्या झेरॉक्सवर सही मारा. अन् ते पासबुक द्या इकडं."

पत्र साहेबांच्या खोलीत गेलं. गजेंद्रनं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला. दोन पट्ट्या त्यांच्या समोर होत्या, एकाखाली एक. त्यांनी ओळखपत्राशी ताडून पाहिलं. मग काचेतून रुख्माबाईंकडे पाहून त्यांना आत बोलावलं.

"ये पहले वाली चिठ्ठी में क्यों नहीं लिखा?"

"वो पत्र होता साहेब," रुख्माबाई म्हणाल्या. "ये अर्जी है."

साहेबांना त्यातला फरक कळला की नाही, सांगता येत नाही. गजेंद्रनं आपल्या पडद्यावर नवं स्पेलिंग भरलं, साहेबांनी आपल्या पडद्यावर ते मंजूर केलं, अशी दोन माणसांची दोन बटणं दाबून झाली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. सव्वा महिना दोन पत्रं आणि एक जावक क्रमांक जे करू शकले नव्हते, ते झालं. नवं स्टेटमेंट छापून आलं, त्यावर शिक्का आणि सही झाली. रुख्माबाईंनी ते हातात घेतलं, पण उठल्या नाहीत. तिथेच पिशवीतून ओळखपत्र काढून आडनावाच्या सहाही अक्षरांवर बोट ठेवलं. गजेंद्र थांबून राहिला.

"आता झालं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागे शकुबाई नावाची म्हातारी बसली होती, पेन्शनला आलेली. तिनं हे सगळं पाहिलं होतं. तिनं आपलं पासबुक आणि कार्ड पुढे केलं. "बाई, माहं बी पाह्य नं एकदा." रुख्माबाईंनी पाहिलं. शकुबाईच्या नावात बँकेनं एक अक्षर जास्त घातलं होतं. मग तिच्या मागच्या माणसानंही पासबुक काढलं. दुपारपर्यंत नऊ जणांची नावं जुळवून झाली. त्यातली चारच धड होती. गजेंद्र काउंटरवरून हे पाहत होता आणि जेवणाची सुट्टी व्हायची वाट पाहत होता. पुढच्या सोमवारी बँकेच्या दारावर सूचना लागली, की नावातील दुरुस्तीचे अर्ज फक्त शनिवारी स्वीकारले जातील.

रुख्माबाईंचे कागद नागपूरला गेले. पोलीस चौकशीला शिपाई आला, चहा पिऊन गेला. सप्टेंबरच्या शेवटी पासपोर्ट पोस्टानं आला. त्यांनी तो उघडून आधी अक्षरं मोजली.

गावात मात्र बातमी अशी फिरली, की नानाजींच्या पत्रांनी बँक हलली. जिल्हाधिकाऱ्यांना प्रत गेल्यावर न हलून काय करते, असं नानाजी स्वतःच पारावर सांगत होते. रुख्माबाईंनी कुठे काही म्हटलं नाही. रूपराव मात्र न राहवून बोलले, तेव्हा नानाजींनी त्या सात ओळींच्या पत्राची रुख्माबाईंनी ठेवलेली झेरॉक्स बघायला मागवून घेतली. दोन दिवसांनी परत पाठवली. 'दुरूस्त'मधला दीर्घ रू लाल शाईनं गोल केला होता, आणि समासात लिहिलं होतं: पत्रात कात्रणे चिकटवू नयेत.

रुख्माबाई तेव्हा मशीनवर बाळासाठी मऊ सुती झबली शिवत होत्या. ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला त्यांनी नागपूरहून मुंबईची गाडी पकडली आणि तिथून विमान. मस्कतच्या विमानतळावर काचेपलीकडे पोट सांभाळत उभी असलेली काजल त्यांना लांबूनच दिसली. रांगेत पासपोर्ट बघणाऱ्या माणसानं पान उलटलं, आडनाव वाचायचा प्रयत्न केला आणि भलताच काहीतरी उच्चार केला.

रुख्माबाईंनी मान डोलावली आणि पुढे गेल्या.